आजीने शिकवलेली फोडून सोडलेल्या अंड्यांची आमटी, पुण्यात का फिसकटली?

पागोळी

मागच्या आठवड्यात आईकडे होतो कुडाळजवळ, मी आणि माझा मुलगा, अकरा वर्षांचा. आषाढातला पाऊस म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको, दुपारपासून जो लागला तो थांबेचना आणि संध्याकाळी पाचलाच लाईट गेली. मुलाला मासे हवे होते. आई म्हणाली, "आज मासे खंयसून हाडतलंय? अंडी असत, ती करूया." जून-जुलै ट्रॉलर बंद असतात, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे आमच्याकडे या दोन महिन्यांत अंड्याची आमटी जास्तच होते. तर त्या दिवशी आईने स्वतः केली नाही, नातवाला पुढे बसवलं आणि आपण पाटावर बसून सांगत राहिली. मी फक्त बॅटरी धरून उभी.

आधी त्याला तांदळाच्या डब्यात हात घालायला लावला, अंडी तिथे पुरून ठेवलेली असतात. चार काढली, गावठी, लहान लहान. मग अर्धा नारळ खवून लोखंडी कढईत कोरडाच भाजायला घेतला. आणि इथे ती त्याला म्हणाली, "कानान ऐक, डोळ्यांनी मगे बघ." तो म्हणे आजी खोबरं कसं ऐकायचं. पण खरंच, सुरुवातीला ओल्या खोबऱ्याचा बारीक चर्र आवाज येत असतो, वाफ निघत असते, आणि मग एकदम तो आवाज बसतो. आई म्हणाली आता पाणी संपलं, आता नजर हलवायची नाही. तिथून पुढे तीन-चार मिनिटांत रंग चढला, गुळासारखा झाला तशी तिने कढई खाली घ्यायला लावली आणि खोबरं लगेच ताटात काढायला लावलं कारण कढई तापलेली असते, त्यातच ठेवलं तर खाली उतरवूनही काळं पडतं. कांदा वेगळा भाजला, थोड्या तेलावर. त्यात लसूण, आलं, चार मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, चमचाभर धणे. वाटप पाट्यावर तिने स्वतः वाटलं, तेवढं त्याच्या हातून होईना.

मग तेलावर हळद आणि दीड चमचा मालवणी मसाला, वाटप, पाणी, मीठ, खळखळ उकळी. वर तेल दिसायला लागलं तसा तिने चुलीतला एक लाकडाचा ओंडका मागे ओढला. रस्सा शांत झाला, कडेला एखादा बुडबुडा. एकेक अंडं आधी वाटीत फोडलं, डावाने रस्स्यात खळगा केला आणि वाटी अगदी रस्स्याला टेकवून अंडं आत सोडलं. चार अंडी चार कोपऱ्यांत. झाकण. त्याने लगेच चमचा घेतला तर आई म्हणाली, "चमचो बाजूक ठेव. हात लावलंस तर फुटतला." सात-आठ मिनिटं तो झाकणाकडे बघत बसला होता, बाहेर पन्हळीचं पाणी पडतंय, अंधार, आणि आई मध्येच "वास इलो काय?" विचारते. झाकण काढलं तर चार पांढरे गोळे, अख्खे. शेवटी कोकमाची तीन सोलं टाकली. त्याने ते अंडं ताटात घेतल्यावर मध्ये कापलं आणि पिवळा पूर्ण शिजलेला पण मऊ, रस्सा पांढऱ्याच्या घड्यांत शिरलेला. तीन ताटं भात खाल्ला.

आता प्रश्न. परवा पुण्यात त्याने स्वतः केली, मला हात लावू दिला नाही. सगळं तसंच. पण अंडी सोडली आणि पसरली, पांढऱ्याच्या चिंध्या झाल्या, पिवळा फुटून रस्सा घट्ट पिठल्यासारखा. तो रडवेला झाला. नक्की काय चुकलं? तो पुन्हा करणार आहे रविवारी, त्याला नीट सांगायचं आहे.

मिरजवाला

सोपं आहे, अंडी उकडून घाला. प्रश्नच मिटला.

तांबडी_कौलं

वा, काय लिहिलंय. ओंडका मागे ओढला ते वाचून आमची चूल डोळ्यासमोर आली. आमच्याकडे अंडी फोडून सोडलेल्या आमटीला काही वेगळं नावच नव्हतं, अंड्याची आमटी म्हणजे तीच. उकडलेली घातली की वडील म्हणायचे ही पाहुण्यांची.

मिरजवाला

@तांबडी_कौलं बघा, पाहुण्यांना चांगलं देतात ना :)

विदर्भकन्या

उकडलेल्याला नावं ठेवू नका हो. आमच्याकडे अंडी उकडून, सोलून, त्यांना चार चिरा देऊन हळद-तिखट लावून तेलात परततात, साल अशी जरा फोडं आल्यासारखी होते, मग रस्सा. ती साल रस्सा धरते. माझा प्रॉब्लेम वेगळाच आहे, विषयाला धरून नाही पण विचारते, माझ्या उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्याभोवती नेहमी हिरवट-काळं कडं येतं, अंडी खराब असतात का?

चुल्हाणं

@विदर्भकन्या नाही, खराब नाहीत, जास्त वेळ उकडली आहेत. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येऊन ते कडं धरतं. पाण्याला उकळी आल्यावर अंडी सोडा, दहा मिनिटं, आणि मग लगेच गार पाण्यात. गॅस बंद करून त्याच गरम पाण्यात ठेवून विसरलात की हमखास हिरवं. खाल्लं तर काही होत नाही, दिसायला वाईट इतकंच.

आता पागोळी यांचं. चारपाच गोष्टी विचारते, मग सांगता येईल. पातेलं कोणतं घेतलं होतं? अंडी कुठली, कधीची? आच किती होती? आणि झाकण ठेवल्यावर त्याने हलवलं का? (मी वीस वर्षं खानावळ चालवलीय, अंडी मी मोजलेली नाहीत एवढी फोडली आहेत.)

पागोळी

@चुल्हाणं थँक्यू! पातेलं म्हणजे तो मोठा नॉनस्टिक पॅन, पसरट. अंडी खालच्या दुकानातली, ट्रेमधली, घरात दहा-बारा दिवस होती फ्रीजमध्ये. आच मोठी होती असं मला वाटतं कारण रस्सा सगळीकडे उडाला होता. आणि हो, एका मिनिटाने हलवलं, त्याला वाटलं खाली लागेल.

अंजीर

दुकानातल्या अंड्यांना दमच नसतो. गावठी तपकिरी अंडी घ्या, त्यांचा पांढरा घट्ट असतो, पसरत नाही. आणि रस्स्यात एक चमचा व्हिनेगर टाका, अंडं लगेच धरतं, हॉटेलात करतात तसं.

खुराडं

@अंजीर यातलं अर्धं बरोबर आहे. मी चिपळूणजवळ कोंबड्या पाळतो, लहान प्रमाणात, म्हणून बोलतो. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, त्याचा आतल्या घट्टपणाशी काही संबंध नाही. पांढरं अंडं जर काल घातलेलं असेल तर ते दोन आठवड्यांच्या तपकिरी अंड्यापेक्षा जास्त घट्ट असेल. मुद्दा ताजेपणाचा आहे.

ताज्या अंड्यात पांढरा दोन तऱ्हेचा असतो, पिवळ्याला चिकटून जाड जेलीसारखा आणि बाहेर थोडा पाण्यासारखा. टरफलाला बारीक छिद्रं असतात, त्यातून दिवसेंदिवस हवा आत-बाहेर होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि जाड भाग हळूहळू पातळ होत जातो. म्हणून जुनं अंडं ताटात फोडलं की ते पसरतं, ताजं उभं राहतं. तुमच्या आईंच्या डब्यातली अंडी एक-दोन दिवसांची असणार, ती वाटीतून घसरली तरी एकत्र राहणार. फ्रीजमध्ये हे सावकाश होतं पण होतंच, आणि दुकानात येण्याआधी किती दिवस गेले ते वेगळं.

घरी ओळखायचं असेल तर अंडं पाण्याच्या भांड्यात सोडा. आडवं पडून राहिलं तर ताजं. एक टोक वर करून उभं राहिलं तर जुनं, ते उकडायला वापरा. तरंगलं तर टाकून द्या.

आणि @मिरजवाला, @विदर्भकन्या, तुमच्यासाठी गंमत ही की उकडायला उलट जुनीच अंडी चांगली. काल घातलेलं अंडं उकडून सोलायला घ्या, पांढरा सालीबरोबर निघून येतो, अर्धं अंडं हातात राहतं. म्हणजे गावच्या घरात ताजी अंडी होती म्हणून तिथे फोडून सोडायची रीत पडली असावी असं मला वाटतं, शहरात बाजारची म्हणून उकडायची. हे माझं मत, पुरावा नाही.

मिरजवाला

अरेच्चा. हे नव्हतं माहीत. म्हणजे माझी आई "अंडी आठवडाभर राहू दे मग उकड" म्हणायची ते उगाच नव्हतं.

तांबडी_कौलं

@खुराडं आमच्या आजीला हे कार्बन वगैरे काही माहीत नव्हतं पण ती ताजं अंडं हातात घेऊन कानाशी हलवायची. आत डचमळलं तर बाजूला.

अंजीर

ओके, रंगाचं मान्य. पण व्हिनेगरचं काय, ते तर खरं आहे ना?

चुल्हाणं

आंबटाने पांढरा लवकर धरतो हे खरं. पण ते साध्या पाण्यात अंडं शिजवायला, ते पाणी आपण ओतून देतो. आमटीत व्हिनेगर घातला की त्याचा वास शेवटपर्यंत राहतो, खोबऱ्याच्या वाटपाला तो अजिबात जमत नाही. आपल्याकडे त्या जागी सोलं आहेतच, हवं तर दोन सोलं अंडी सोडायच्या आधी टाका आणि एक नंतर. पागोळींच्या आईंनी शेवटी टाकली कारण बहुतेक त्यांची अंडी तशीही धरणार होती.

आता खरं काय चुकलं ते. मला तीन कारणं एकावर एक आलेली दिसतात. अंडी जुनी, ते खुराडं यांनी सांगितलं. दुसरं पॅन. पसरट पॅनमध्ये रस्सा उथळ पसरतो, बोटभर खोली, अंडं तळाला टेकतं, वरून शिजत नाही, म्हणून माणूस हलवायला जातो. खोलगट पातेलं हवं, चार अंड्यांना रस्सा निदान तीन-चार बोटं खोल. तिसरं, आच. खळखळत्या रस्स्यात अंडं सोडणं म्हणजे वाहत्या ओढ्यात पीठ टाकणं. तुमच्या आईंनी ओंडका मागे ओढला, ती खरी युक्ती आहे, आणि लाईट गेलेली असताना ते बॅटरीच्या उजेडात केलं त्यांनी. गॅसवर करताना आच बारीक करून एक मिनिट थांबा, रस्सा नुसता थरथरला पाहिजे. मग वाटी टेकवून सोडा.

अजून एक, जुनीच अंडी असतील आणि करायचीच असेल तर अंडं चहाच्या गाळणीत फोडा. पाण्यासारखा पातळ भाग खाली गळून जातो, जाड भाग आणि पिवळा राहतो. मग वाटीत आणि मग रस्स्यात. माझ्या खानावळीत दुकानाची अंडी असायची, पावसाळ्यात रोज पंचवीस-तीस अंड्यांची आमटी, हे केल्याशिवाय एकही अख्खं वाढता आलं नसतं.

न्यूजर्सीची_सई

इथे अमेरिकेत ओलं खोबरं फ्रोझन मिळतं, किसलेलं. माझं वाटप नेहमी कडू होतं आणि मला वाटायचं मालवणी मसाला खराब आहे, तीन वेळा गावाहून मागवला. पागोळी तुझा "आवाज बसतो" हा भाग वाचून मी काल ट्राय केलं. फ्रोझन खोबऱ्यात पाणी खूप असतं त्यामुळे चर्र चर्र दहा मिनिटं चाललं, मी कंटाळून आच मोठी करायचे, मग पाणी संपलं की तीस सेकंदांत काळं. काल आच वाढवली नाही, थांबले. इलेक्ट्रिक शेगडी असल्यामुळे बंद करूनही गरम राहते म्हणून ताटात काढलं लगेच. पहिल्यांदा कडू नाही झालं. काकूंना माझा नमस्कार सांग.

पागोळी

@न्यूजर्सीची_सई सांगते गं नक्की! आईला फोनवर वाचून दाखवते, आवडेल तिला.

रानमेवा

आमच्या घरी श्रावण कडक, त्यामुळे आता पुढचा महिना नाही. हेच वाटप काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याला चालेल का? वाटाणे आधी भिजवून शिजवलेले.

तांबडी_कौलं

@रानमेवा चालेल म्हणजे काय, तेच वाटप. वाटाणे रात्रभर भिजवून, शिजायला वेळ घेतात पण चव काय असते. आंबोळ्यांबरोबर खा.

अंजीर

अंडी किती वेळ शिजवायची त्यावर कोणी बोललं नाही. मला पिवळा पातळ राहिलेला आवडतो, पाच मिनिटं पुरतात, झाकण ठेवून.

खुराडं

@अंजीर तुमच्यापुरतं ठीक, पण मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी मी पूर्ण शिजवलेलं द्यायला सांगेन, साल्मोनेला नावाचा जंतू कच्च्या अंड्यात असू शकतो. मी माझ्याच घरची अंडीही मुलांना अर्धवट देत नाही. लहान गावठी अंडं सात-आठ मिनिटांत पक्कं होतं, मोठ्याला एक-दोन मिनिटं जास्त. चमच्याने पिवळ्यावर हलकं दाबा, घट्ट लागलं की झालं.

अंजीर

कोकणात मी गेली पंधरा वर्षं पातळ खातोय, काही झालं नाही.

विदर्भकन्या

@चुल्हाणं हिरवं कडं गेलं!! दहा मिनिटं आणि गार पाणी. एवढी वर्षं मी वीस मिनिटं उकडत होते.

पागोळी

रविवारचा रिपोर्ट देते. सकाळी मुलगा सहा अंडी पाण्याच्या पातेल्यात सोडून बसला होता, दोन उभी राहिली, एक आडवी, बाकीची मधली. म्हणाला ही आडवी आजीच्या अंड्यासारखी आहे. दुकानदाराकडे विचारलं तर त्याने आदल्या दिवशी आलेला ट्रे दाखवला, त्यातली चार आणली, चारही आडवी. उभी राहिलेली दोन माझ्यासाठी उकडली, सोलायला खरंच सोपी गेली.

दुपारी पाऊस नव्हता पण संध्याकाळी सुरू झाला, तेव्हाच करायला घेतली, त्याचा हट्ट. खोलगट पातेलं. खोबऱ्याचा आवाज बसल्यावर त्याने मला गप्प बसायला सांगितलं. मिक्सरमध्ये वाटताना मी त्याला थांबवलं कारण वाटप जाडसर राहिलं होतं, चिमटीत घेतलं तर कण लागत होते, थोडं पाणी घालून पुन्हा फिरवलं तसं लोण्यासारखं झालं. मागच्या वेळी बहुतेक तेही होतं, जाडसर राहिलं की पाणी वेगळं दिसतं आणि रस्सा अंड्याला धरत नाही, मला आता आठवतंय तसंच झालं होतं.

अंडी गाळणीतून काढली, ताजी होती तरी, त्याला ते करूनच बघायचं होतं. एका अंड्यातून चमचाभर पाणी गळलं असेल. आच बारीक, मिनिटभर थांबला, मग सोडली. तीन अख्खी आली. चौथं सोडताना त्याचा हात हलला आणि वाटी उंच राहिली, ते अर्धं पसरलं. तो म्हणाला ते माझं नाही, ते बाबांचं. आठ मिनिटं झाकणाला हात लावला नाही, मी काढायला गेले तर मला ओरडला.

सोलं आधी की नंतर यावर मात्र अजून भांडण आहे. त्याने दोन आधी टाकली, चुल्हाणं यांचं ऐकून. मला वाटलं रस्सा जरा जास्त आंबट झाला. आईकडचा आंबटपणा मागून येतो, हा पुढूनच येत होता.

चुल्हाणं

आधी टाकली तर शिजताना रस पूर्ण उतरतो, म्हणून दोनच्या जागी एक घ्यायला सांगायला हवं होतं मी. माझ्याकडे सोलं जुनी असायची, तुमची ताजी असतील.

पागोळी

हो, आईने दिलेली, यंदाचीच. रात्री आईला फोन लावत होतो, तिला विचारायचं होतं आधी की नंतर, पण तिकडे पुन्हा लाईट गेलेली दिसते, फोन लागत नाहीये. तो म्हणाला उद्या सकाळी लावू, आणि तिसऱ्या अंड्याचा फोटो काढून ठेवलाय तिला दाखवायला.

तांबडी_कौलं

फोन लागला की इथे लिहा. मलाही ऐकायचंय त्या काय म्हणतात.